कमीत कमी अर्धा किलो, अर्धे पैसे आधी

२०२५ च्या दिवाळीत घरोघरी एक वाद रंगला होता. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत लक्ष्मीपूजन मंगळवारी, २१ ऑक्टोबरला छापलेलं होतं. उत्तरेकडच्या वाहिन्या आणि अनेकांचे मोबाइल मात्र दिवाळी सोमवारी, २० तारखेला असं सांगत होते. पंचांगकर्त्यांच्या गणितातला हा फरक बहुतेक घरांनी हसून सोडून दिला. पण ज्यांनी फराळाच्या ऑर्डरी घेताना “दिवाळीच्या दोन दिवस आधी मिळेल” असं लिहून दिलं होतं, त्यांना तो सोडून देता येण्यासारखा नव्हता. कुणासाठी दिवाळीच्या दोन दिवस आधी म्हणजे १८ तारीख, कुणासाठी १९. ज्यांची दिवाळी वसुबारसेपासून सुरू होते, त्यांच्या हिशेबाने तर १५. एकाच वाक्यातून तीन तारखा निघाल्या आणि तिन्ही बरोबर होत्या.

घरगुती फराळाचा धंदा गणपती विसर्जनानंतर हलायला लागतो. आधी व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो: “घरगुती फराळाच्या ऑर्डर्स स्वीकारल्या जातील. किमान ऑर्डर १ किलो. ५०% ॲडव्हान्स. त्वरा करा.” कुणी त्याला लाल-पिवळ्या पणत्या लावतं, कुणी गूगल फॉर्म जोडतं, तर कुणी सोसायटीच्या फळ्यावर कागद चिकटवतं. मजकूर मात्र इकडून तिकडून सारखाच असतो आणि त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य दोन अर्थांचं असतं. एक किलो म्हणजे प्रत्येक पदार्थ एक किलो, की सगळं मिळून? ॲडव्हान्स कधीपर्यंत भरायचा? ऑर्डर रद्द केली तर त्याचं काय होणार? त्वरा करायची ती कुठल्या तारखेपर्यंत? हे प्रश्न ऑर्डर घेताना कुणी विचारत नाही. ते धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, दारात पिशवी घेऊन उभं राहिल्यावर विचारले जातात.

किमान प्रमाणाची अट गिऱ्हाइकाला अनेकदा अडवणूक वाटते. “आम्ही दोघंच आहोत, एवढं कोण खाणार?” हे वाक्य फराळ करणाऱ्या प्रत्येक बाईने ऐकलेलं असतं. पण ही अट स्वयंपाकघराच्या हिशेबातून आलेली आहे, आणि तो हिशेब चकलीवर सगळ्यात स्वच्छ दिसतो. मध्यम आकाराची चकली तळून साधारण वीस ते पंचवीस ग्रॅम भरते, म्हणजे किलोत चाळीस ते पन्नास चकल्या. घरच्या कढईत एका घाण्याला आठ-दहा मावतात. आच मंद ठेवावी लागते, नाहीतर वरून लाल आणि आतून कच्ची राहते. त्यामुळे एक घाणा निघायला आठ-दहा मिनिटं लागतात. पाच-सहा घाणे काढले की एक किलो चकली होते आणि तासभर जातो. एका शेगडीवर, मदतीला सोऱ्या फिरवणारी एक बाई असेल तर दिवसाला सहा किलोच्या पुढे जाणं अवघडच.

तळायला लागणारा वेळ किलोवर ठरतो. तो पाव-पाव किलोच्या ऑर्डरींनी वाढत नाही. वाढतो तो पुढचा व्याप. सहा किलो चकली अर्ध्या किलोने गेली तर बारा पिशव्या भरायच्या, तोलायच्या, बंद करायच्या, बारा नावं लिहायची आणि बारा जणांच्या पैशांची नोंद ठेवायची. तीच पाव किलोने गेली की चोवीस जणांचे चोवीस फोन येतात. चोवीसपैकी दोघं पत्ता विसरतात आणि एक जण दुसऱ्याचीच पिशवी घेऊन जातो. दिवाळीच्या आठवड्यात तळणाऱ्या हातांना हा व्याप झेपत नाही, म्हणून अर्ध्या किलोची अट येते. तिच्या आधी भाजणीही असते: धुतलेले तांदूळ आणि डाळी वाळवायच्या, वेगवेगळ्या भाजायच्या, धणे-जिरे घालून गिरणीतून दळून आणायच्या. गहू दळून झाल्यावर लगेच भाजणी टाकली तर जात्यात राहिलेली कणीक तिच्यात मिसळते. हे टाळायला गिरणीवाल्याची वेळ सांभाळावी लागते. एका ऑर्डरीसाठी हे कुणी करत नाही. दहा-वीस किलोची भाजणी एकदाच होते, आणि ती किती करायची हे ऑर्डरी बंद झाल्याशिवाय कळत नाही.

म्हणून किमान प्रमाण लिहिताना “किमान १ किलो” एवढ्यावर थांबणं हे निम्मंच काम आहे. “प्रत्येक पदार्थ किमान अर्धा किलो, त्यापुढे अर्ध्या किलोच्या पटीत” असं लिहिलं की पाऊण किलोचा आणि सव्वा किलोचा प्रश्न आपोआप मिटतो. करंजी आणि अनारसे नगावर विकायचे असतील तर तसंच लिहावं: “किमान १० नग, पुढे पाचाच्या पटीत.” करंजी किलोवर विकली तर मोठी करंजी असलेल्या घरात तीसच निघतात, लहान असलेल्या घरात चाळीस, आणि दोन शेजारणी आपापल्या डब्यांतल्या करंज्या मोजून बसतात. वजन निव्वळ की डब्यासकट, हेही एका शब्दात सांगता येतं. चिवड्याला तर ते सांगावंच, कारण तो हलका असतो आणि डबा मोठा लागतो.

राहता राहिलं ते दोघांचंच घर. त्यांच्यासाठी अट मोडण्यापेक्षा ठरलेला संच ठेवणं जास्त सोयीचं ठरतं: पाच पदार्थ, प्रत्येकी पाव किलो, एकाच बॉक्समध्ये, आत बदल नाही. पदार्थ पाव किलोच असला तरी बॉक्स सगळे सारखे असतात. एका दुपारी वीस बॉक्स ओळीने मांडून भरून टाकता येतात आणि कुणाच्या बॉक्समध्ये काय, हे आठवावं लागत नाही. “लाडूऐवजी चकली जास्त घाला ना” ही विनंती मात्र एकदा मान्य केली की संचाचा फायदा संपला. त्यामुळे “संचातील पदार्थ बदलून मिळणार नाहीत” हे वाक्य जरा कोरडं वाटलं तरी फॉर्मवर हवंच.

आगाऊ रकमेमागचं कारण सगळे गृहीत धरतात, पण सांगत कुणी नाही. डाळी, तूप, तेल, काजू, खोबरं ही खरेदी दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी, रोखीने होते. तो पैसा ऑर्डरीतूनच उभा राहतो. दुसरं कारण असं की भाऊबीजेनंतर फराळाला गिऱ्हाईक नसतं. गिऱ्हाइकाने न उचललेली दोन किलो शंकरपाळी दिवाळीआधी सहज खपली असती, नंतर ती घरातच संपवावी लागते. अर्धी रक्कम आधी घेतली की निदान कच्च्या मालाचा खर्च तरी सुटतो. घरगुती फराळात मजुरी धरली नाही तर माल आणि गॅस यांचा खर्च किमतीच्या निम्म्याच्या आसपास जातो. पन्नास टक्के हा आकडा रूढ झाला तो याच हिशेबाने.

आगाऊ रकमेबरोबर भावाचाही प्रश्न येतो, आणि २०२४ मध्ये तो चांगलाच चटका देऊन गेला. त्या वर्षी १४ सप्टेंबरला केंद्र सरकारने आयात खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क वीस टक्के अंकांनी वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर ते शून्यावरून २० टक्के झालं, रिफाइंड तेलावर साडेबारावरून साडेबत्तीस. दिवाळी तेव्हा दीड महिन्यावर होती. ज्यांनी गणपतीच्या आधीच्या तेलाच्या भावाने दरपत्रक छापून वाटलं होतं, त्यांना तळणाचे सगळे पदार्थ वाढलेल्या तेलात आणि जुन्या भावात द्यावे लागले. ज्यांच्या फॉर्मवर “हे दर आगाऊ रक्कम भरलेल्या ऑर्डरींसाठी कायम, बाकी ऑर्डरींना त्या दिवशीचा दर लागू” असं वाक्य होतं, त्यांना निदान नव्या ऑर्डरींचा भाव बदलता आला. ही अट गिऱ्हाइकाच्याही फायद्याची आहे. ज्याने पैसे भरले त्याचा भाव पक्का, मग तेल कितीही चढो.

“ॲडव्हान्स परत मिळणार नाही” हे वाक्य सर्रास लिहिलं जातं आणि ते सगळ्यात कच्चं आहे. ते कधीपासून लागू, हे त्यात नसतं. सप्टेंबरच्या अखेरीस ऑर्डर देऊन दुसऱ्याच दिवशी रद्द करणाऱ्याचे पैसे अडवून ठेवायला काही कारण नाही. तेव्हा एक दाणाही विकत आणलेला नसतो. भाजणी दळून झाल्यावर रद्द करणाऱ्याची गोष्ट वेगळी. कायद्याचा कलही याच बाजूला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्याबद्दल आधी ठरवलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते, आणि प्रत्यक्षात मिळायची ती वाजवी भरपाई. चकलीच्या एका किलोसाठी कोर्टात कुणी जाणार नाही, पण वाजवीपणाची कसोटी इथेही तीच लावावी. ऑर्डरी बंद होईपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत, त्यानंतर नाहीत, आणि करणाऱ्या घराकडूनच काम झालं नाही तर पूर्ण रक्कम परत, अशी तीन पायऱ्यांची अट लिहायला दोन ओळी पुरतात.

तिसरी पायरी बहुतेक फॉर्मवर नसतेच. गिऱ्हाइकाने शब्द मोडला तर काय, हे ठळक अक्षरांत असतं. आपल्याकडून काम झालं नाही तर काय, यावर फॉर्म गप्प असतो. हा एकतर्फीपणा वाचणाऱ्याला टोचतो, आणि टोचावाच.

सुतक हा याच कलमातला नाजूक भाग. ऐन दिवाळीत कुणाच्या घरी मृत्यू झाला तर त्या घरात फराळ होत नाही, सणही होत नाही. अशा वेळी नियमावर बोट ठेवून पैसे अडवणं माणसाला शोभत नाही आणि धंद्यालाही बरं नाही. पण अनेक घरांत वर्षसणाला फराळ घरी करायचा नसतो, तो नातेवाईक आणि शेजारी आणून देतात. त्यामुळे ऑर्डर रद्द करण्याऐवजी ती दुसऱ्याच्या नावावर वळवण्याची सोय ठेवली तर दोन्ही बाजू सुटतात: “अडचण आल्यास ऑर्डर दुसऱ्या व्यक्तीच्या नावे देता येईल. एक दिवस आधी कळवावे.” आणि सुतक करणाऱ्याच्या घरीही येऊ शकतं. तेव्हा लागू होते ती वर सांगितलेली तिसरी पायरी.

तारखांकडे वळलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. सगळ्या पदार्थांना एकच शेवटची तारीख ठेवणं हीच पहिली चूक. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावं लागतं. मग ते निथळून, ओलसर असतानाच दळून गुळात किंवा साखरेत मळून ठेवायचे, आणि ते पीठ आठवडाभर तरी मुरू द्यायचं. म्हणजे अनारशाची ऑर्डर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घेणाऱ्याने पीठ आधीच करून ठेवलेलं असतं, नाहीतर तो विकतच्या पिठावर भागवत असतो. उलट ओल्या नारळाची करंजी दोन दिवसांच्या पलीकडे भरवशाची नाही. ती ज्या दिवशी न्यायची त्याच्या आदल्या रात्री नाहीतर त्याच सकाळी तळायची. सुक्या खोबऱ्याची करंजी, बेसनाचे लाडू, शंकरपाळी दोन-तीन आठवडे छान राहतात, त्यामुळे ती आधी करून ठेवली तरी चालतं. फॉर्मवर पदार्थापुढे ऑर्डरीची शेवटची तारीख आणि नेण्याची तारीख असे दोन रकाने असतील तर यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

समजा, डोंबिवलीतल्या एका काकूंनी २०२५ च्या दिवाळीसाठी फॉर्म तयार केला असता. त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता आणि वसुबारस शुक्रवारी, १७ तारखेला. मग त्यांच्या फॉर्मचा मजकूर असा होऊ शकला असता:

“चकली, पोह्यांचा चिवडा, बेसन लाडू, शंकरपाळी: प्रत्येकी किमान अर्धा किलो (निव्वळ वजन), पुढे अर्ध्या किलोच्या पटीत. करंजी (सुकं खोबरं) आणि अनारसे: किमान १० नग, पुढे ५ च्या पटीत.

अनारशांची ऑर्डर रविवार, ५ ऑक्टोबर रात्री ९ पर्यंत. बाकी सर्व ऑर्डरी शुक्रवार, १० ऑक्टोबर रात्री ९ पर्यंत.

एकूण रकमेच्या निम्मी रक्कम आगाऊ भरावी. रक्कम जमा होऊन आमच्याकडून ऑर्डर क्रमांक आल्यावरच ऑर्डर पक्की. १० ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत. त्यानंतर परत नाही, मात्र ऑर्डर दुसऱ्याच्या नावे वळवता येईल. आमच्याकडून ऑर्डर पूर्ण न झाल्यास पूर्ण रक्कम परत.

फराळ नेण्याची वेळ: शुक्रवार १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५ ते ९, किंवा शनिवार १८ ऑक्टोबर, सकाळी १० ते १. यापैकी एक निवडा. उरलेली रक्कम नेताना द्यावी. नेणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि फोन: ______. रविवार १९ ऑक्टोबर दुपारी १२ पर्यंत न नेलेला फराळ राखून ठेवला जाणार नाही.

शेंगदाणे, काजू, तूप आणि गहू या स्वयंपाकघरात वापरले जातात.”

या फॉर्मवर एखाद्या ताईंनी एक किलो चकली, एक किलो चिवडा, अर्धा किलो बेसन लाडू आणि वीस करंज्या मागितल्या. भाव चकलीला किलोमागे ५६०, चिवड्याला ४००, लाडवांना ६४० आणि करंजीला नगामागे २२ रुपये धरले तर होतात ५६०, ४००, ३२० आणि ४४०, एकूण १,७२० रुपये. आगाऊ ८६० आणि नेताना ८६०. या ताईंनी ८ तारखेला लाडू नको म्हणून कळवलं तर एकूण रक्कम १,४०० होते. ८६० आधीच जमा असल्यामुळे नेताना फक्त ५४० द्यायचे. हे १२ तारखेला कळवलं, तर बेसनाची आणि तुपाची खरेदी झालेली असणार, म्हणून लाडू घ्यावेच लागतात. तारीख लिहिलेली असल्यामुळे यात वाद घालायला जागा उरत नाही, भीड पडायलाही नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला भीडेपोटी “बरं, राहू द्या” म्हणणाऱ्या बायकाच या धंद्यात सगळ्यात जास्त बुडतात.

“ऑर्डर क्रमांक आल्यावरच ऑर्डर पक्की” हे वाक्य गूगल फॉर्मच्या जमान्यात विशेष गरजेचं झालंय. फॉर्म भरला की पडद्यावर तुमचा प्रतिसाद नोंदवला गेल्याचं दिसतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, झालं काम. पैसे मात्र पाठवायचे राहून जातात, किंवा पाठवले जातात ते नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या यूपीआय खात्यावरून. मग खात्यात ८६० रुपये दिसतात, पण ते कुणाचे हे कळत नाही. पैसे पाठवताना शेऱ्यात स्वतःचं नाव लिहायला सांगावं. तसं न झाल्यास यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक फॉर्ममध्येच मागून घ्यावा. त्याने नाव आणि रक्कम यांची सांगड मिनिटभरात घालता येते.

परदेशी पाठवायच्या फराळाला मात्र वेगळाच फॉर्म हवा, किंवा निदान वेगळा भाग. तिथे नेण्याची तारीख दिवाळीवर ठरत नाही, ती पार्सल कधी निघणार यावर ठरते, आणि पार्सल कधी निघेल हे कुणाच्याच हातात नसतं. २०२५ मध्ये अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलना दिलेली शुल्कमाफी काढून घेतली आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. ती सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, म्हणजे वसुबारसेच्या दोन दिवस आधी. ज्यांनी टपालाने फराळ पाठवायचा म्हणून ऑर्डरी दिल्या होत्या, त्यांना महागड्या कुरिअरकडे वळावं लागलं नाहीतर ऑर्डर सोडून द्यावी लागली. अशा वेळी “आमची जबाबदारी फराळ वेळेवर, बंद पॅकिंगमध्ये हातात देईपर्यंत” हे एक वाक्य मोलाचं ठरतं. कुरिअरसाठीच्या ऑर्डरीत ओला नारळ आणि खव्याचे पदार्थ घेऊच नयेत, हेही फॉर्मवरच छापावं.

माल हातात पडल्यावरची तक्रार हा शेवटचा भाग, पण त्याला फॉर्मवर एकाही ओळीची जागा मिळत नाही. मऊ पडलेली चकली ही सगळ्यात सामान्य तक्रार. बंद पिशवी उघडताक्षणी चकली मऊ लागली तर दोष करणाऱ्याचा. एकतर गरम असतानाच ती भरली गेली आणि वाफ आत कोंडली, किंवा घाणा पुरता निघालाच नव्हता. उघडून तीन दिवसांनी मऊ पडली तर डब्याच्या झाकणाकडे बघावं. खवट वास आला तर तेल, दाणे किंवा खोबरं जुनं होतं, इथे मात्र डब्याला दोष देता येत नाही. म्हणून “नेताना डबे उघडून पाहावेत, तक्रार दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवल्यास पदार्थ बदलून किंवा पैसे परत” असं लिहिणं दोघांच्याही सोयीचं. “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही दुकानातली जुनी पाटी खराब निघालेल्या मालाला लागू करता येत नाही, ती घरच्या फॉर्मवर उतरवू नये. विक्रीसाठी फराळ करणाऱ्या घराला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. ती असेल तर तिचा चौदा आकडी क्रमांक, आणि पॅकेटवर बनवल्याची तारीख, एवढं असलं की गिऱ्हाइकाला फोन करून विचारावं लागत नाही.

आणि गिऱ्हाइकांनीही एवढं करावं. फॉर्ममधला नेणाऱ्या व्यक्तीच्या नावाचा रकाना रिकामा सोडू नये आणि सोयीची वेळ आधीच निवडून ठेवावी. धनत्रयोदशीला रात्री साडेनऊ वाजता “काकू, आत्ता आलो तर चालेल का?” असा फोन करण्याआधी फॉर्मवरची वेळ पुन्हा एकदा वाचून घ्यावी.